जपानी औषधाचं पत्रक: फोटोतला कुठला तुकडा आधी कापायचा, आणि कापताना काय सांडतं

जपानमधल्या औषधाच्या दुकानातून सर्दीच्या गोळ्यांचं खोकं आणलं की आत घडी घातलेला एक पातळ कागद निघतो. तो उघडला की दोन्ही बाजू बारीक अक्षरांनी गच्च भरलेल्या दिसतात. दोन-तीन रकाने, एक-दोन चौकटी, मधे तक्ता आणि तळाशी आणखी बारीक टीपा. याचा फोटो काढून भाषांतराच्या अ‍ॅपला दिला की दोनपैकी एक अडचण ठरलेली. अख्खा फोटो दिला तर खिचडी होते, म्हणजे एका रकान्यातलं अर्धं वाक्य शेजारच्या रकान्यातल्या अर्ध्या वाक्याला चिकटतं. आणि तुकडा कापून दिला तर वाक्यं छान सुटसुटीत येतात, पण कधीकधी ज्याला मनाई आहे तोच हे औषध घेऊ शकतो असं वाटायला लागतं.

यातली दुसरी अडचण जास्त धोक्याची. खिचडी झाली की आपल्याला कळतं तरी. सुबक पण उलटं भाषांतर आलं की कुणी शंकाच घेत नाही.

खाली जे लिहिलं आहे ते दुकानात चिठ्ठीविना मिळणाऱ्या पोटात घ्यायच्या सर्दी-तापाच्या गोळ्यांबद्दल आहे. या पत्रकांची मांडणी जवळजवळ सारखीच असते, त्यामुळे एकदा जागा ओळखीच्या झाल्या की दुसऱ्या कंपनीच्या खोक्यातही त्याच क्रमाने सापडतात.

अख्खा फोटो का फसतो

एक कारण रकान्यांचं, ते वर आलंच. दुसरं कारण अक्षराच्या आकाराचं. समजा कागद २५ सेंटिमीटर लांब आहे आणि फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेलची आहे. म्हणजे एका मिलिमीटरला १६ पिक्सेल मिळाले. छापील अक्षर साधारण २ मिलिमीटर उंच धरलं तर त्याच्या वाट्याला ३२ पिक्सेल येतात, आणि तेवढ्यात ते नीट वाचता येतं. पण बरीच अ‍ॅप्स वाचण्याआधी फोटो लहान करतात. तो १६०० पिक्सेलवर आणला तर त्याच अक्षराला जेमतेम १३ पिक्सेल उरतात. आपलं देवनागरी अक्षर तेवढ्यात कसंबसं तगेल, पण दहा-पंधरा रेघांचं जपानी चित्राक्षर, म्हणजे ‘कांजी’, गोळा होऊन बसतं.

या गोळ्यात कुठली अक्षरं एकमेकांसारखी दिसतात हे पाहण्यासारखं आहे. 回, उच्चार ‘काई’, म्हणजे वेळ किंवा खेप, आणि 日, उच्चार ‘निची’, म्हणजे दिवस. दोन्ही चौकोनी. पहिल्याच्या पोटात छोटा चौकोन असतो, दुसऱ्याच्या पोटात एक आडवी रेघ. धूसर फोटोत हा फरक पुसला गेला की ‘एका वेळी ३ गोळ्या’चं ‘दिवसाला ३ गोळ्या’ होतं, किंवा उलट.

कापल्याने फोटोत नवे पिक्सेल येत नाहीत. पण ८ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मूळ फोटोतून कापला तर तो १२८० पिक्सेलचाच असतो, अ‍ॅपला तो लहान करावा लागत नाही आणि अक्षर ३२ पिक्सेलचंच राहतं. ही गोष्ट मूळ फोटोलाच लागू आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत वाटेत दाबली गेलेली असते, ती कितीही कापली तरी उपयोग नाही. पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. फोटो बोटांनी मोठा करून त्याचा स्क्रीनशॉट काढणं हाही आडमार्गच. कागद हातात असेल तर तो काचेखाली सपाट ठेवा, चकाकी येत असेल तर काच काढून कडांना वजनं ठेवा, आणि हव्या त्या भागाचा जवळून नवा फोटो घ्या. कापण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं.

आधी कुठला तुकडा

जपानी येत नसलं तरी एवढी अक्षरं चित्रासारखी ओळखता आली पाहिजेत:

```
してはいけないこと   करू नये अशा गोष्टी
相談すること        आधी विचारून घ्यायच्या गोष्टी
用法・用量          कसं आणि किती घ्यायचं
成分               घटक
ないでください       (क्रियापदाला लागून) ...नका
未満               पेक्षा कमी वयाचे
1回 / 1日          एका वेळी / एका दिवसात
```

बहुतेक लोक सगळ्यात आधी मात्रेचा तक्ता कापतात, कारण गोळी घ्यायची घाई असते. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. तक्त्यातले आकडे 3, 15, 30 असे नेहमीचेच असतात. भाषांतराशिवायही त्याचा अर्धा अंदाज येतो. ‘करू नये’च्या चौकटीत मात्र धरायला फारसे आकडे नसतात, तिथे आपला डोळा काहीच मदत करत नाही. जिथे डोळा आंधळा आहे तिथे भाषांतर आधी खर्च करावं. शिवाय त्या चौकटीत आपण बसत असलो तर मात्रा वाचायची गरजच उरत नाही.

म्हणून मोठ्या माणसासाठी पहिला तुकडा ‘करू नये’चा. तो शोधणं सोपं असतं, कारण सहसा पत्रकाच्या सुरुवातीच्या भागात, जाड अक्षरात, बऱ्याचदा चौकटीत छापलेला असतो. सर्दीच्या गोळ्यांच्या बाबतीत त्यात साधारण हे येतं: या औषधाची किंवा त्यातल्या घटकाची अ‍ॅलर्जी झालेल्यांनी आणि सर्दी-तापाच्या औषधाने दम्याचा झटका आलेल्यांनी घेऊ नये, हे चालू असताना सर्दीची, ताप-वेदनेची, खोकल्याची दुसरी औषधं घेऊ नयेत, घेतल्यावर वाहन चालवू नये, मद्य घेऊ नये, फार दिवस घेऊ नये.

रुग्ण लहान असेल तर क्रम बदला आणि तक्त्यातला वयाचा रकाना आधी पाहा. बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांत शेवटची ओळ ‘१५ वर्षांपेक्षा कमी: घेऊ नये’ अशी असते. ती दिसली की प्रश्न तिथेच मिटतो. आणि भारतातून भेटीला आलेल्या आई-बाबांसाठी खोकं आणलं असेल तर पहिल्या चौकटीनंतर लगेच ‘आधी विचारून घ्या’चा भाग घ्या, कारण तिथली यादीच मुळी ‘डॉक्टरांचे उपचार चालू असलेली व्यक्ती’ इथून सुरू होते आणि पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदय, थायरॉइड, काचबिंदू असे आजार येतात. गोळी आधीच पोटात गेली असेल आणि अंगावर पुरळ उठलं असेल तर वरचं सगळं सोडा. याच भागातला दुसरा मुद्दा, ‘घेतल्यावर ही लक्षणं दिसली तर’, तो तक्ता पहिला.

‘कशावर उपयोगी’ हा परिच्छेद शेवटी राहिला तरी बिघडत नाही. तो खोक्याच्या दर्शनी बाजूवरही असतो.

कापताना सांडतं काय

पहिली आणि सगळ्यात महाग वस्तू म्हणजे शीर्षक. जपानी पत्रकात निर्णय शीर्षकात किंवा यादीच्या वरच्या एका ओळीत असतो आणि खाली नुसती माणसांची यादी असते. ‘पुढील व्यक्तींनी घेऊ नये’ ही ओळ एकदाच येते, मग (1), (2) असे मुद्दे. मुद्द्यांत क्रियापद नसतंच. कापताना वरची ओळ गेली की भाषांतरात उरतं ते ‘या औषधाने किंवा त्यातल्या घटकांनी अ‍ॅलर्जीची लक्षणं आलेली व्यक्ती’. या व्यक्तीने काय करायचं, याचा पत्ता नाही.

घोळ वाढतो तो पुढे. ‘आधी विचारून घ्या’च्या यादीतही जवळजवळ असाच मुद्दा असतो: ‘औषधांमुळे वगैरे अ‍ॅलर्जीची लक्षणं आलेली व्यक्ती’. एकीत ‘हे औषध’ आहे, दुसरीत ‘कुठलंही औषध’. एकीचा निकाल मनाई, दुसरीचा निकाल औषधविक्रेत्याला विचारा. दोन्ही तुकडे शीर्षकाविना कापले आणि फोनमध्ये मागेपुढे झाले तर कुठला कशाखालचा हे ओळखायला मार्ग राहत नाही. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेला माणूस उगाच औषध टाळतो, आणि याच गोळीने पुरळ आलेला माणूस ‘विचारून घेऊ’ म्हणून थांबतो.

यादी एका रकान्याच्या तळाशी सुरू होऊन पुढच्या रकान्याच्या माथ्यावर गेली तर शीर्षक कापण्यात येणारच नाही. अशा वेळी दुसऱ्या तुकड्याच्या नावातच शीर्षक लिहून ठेवा: ‘१ब मनाई पुढे चालू’. फोनच्या गॅलरीत नाव देता येत नसेल तर कापलेल्या चित्रावर मार्कअपने वर एक शब्द लिहिला तरी चालतं, फक्त तो अक्षरांवर येऊ देऊ नका.

दुसरी वस्तू वाक्याचं शेपूट. मराठीत ‘घेऊ’ म्हटल्यावर पुढे ‘नका’ येतो की ‘शकता’, हे शेवटीच कळतं. जपानीही तशीच आहे, नकार अगदी शेवटी. उजवी कड दोन अक्षरं जास्त कापली, किंवा शेवटची अर्धी ओळ सुटली, तर नकारच जातो. अ‍ॅप मग अर्धं वाक्य स्वतःच्या अंदाजाने पुरं करतं, आणि अंदाज होकाराकडे झुकू शकतो, कारण नकाराची खूणच त्याच्यासमोर नसते. ‘वाहन किंवा यंत्र चालवणे’ एवढंच आलं तर समजा की शेपूट तुटलं आहे.

याची तपासणी जपानी न येताही करता येते. पूर्ण वाक्याच्या शेवटी एक छोटं पोकळ वर्तुळ असतं, आपल्या पूर्णविरामाच्या जागी. तुमच्या तुकड्याच्या शेवटच्या ओळीत ते नसेल तर खाली किंवा उजवीकडे अजून मजकूर आहे असं धरा. यादीतल्या सुट्या शब्दांना आणि शीर्षकांना ते नसतं, तेवढा अपवाद.

तिसरी वस्तू तक्त्याचा माथा, आणि इथे आकड्यांचा खेळ होतो. एक उदाहरण धरून चालू. मात्रेच्या तक्त्यात लिहिलं आहे: वय १५ व वरील, एका वेळी ३ गोळ्या, दिवसातून ३ वेळा, जेवणानंतर शक्यतो ३० मिनिटांच्या आत. पलीकडच्या रकान्यात घटकांचा तक्ता, आणि त्यात ‘आसेतोआमिनोफेन 900mg’. हे पॅरासिटामॉलचंच दुसरं नाव, आणि हे एक कळलं तरी निम्मं काम झालं.

आता फक्त ही ओळ कापली तर वाचणारा समजतो की एका गोळीत ९०० मिलिग्रॅम. भारतातली सवय ५०० किंवा ६५० च्या गोळीची. ३ गोळ्या म्हणजे एका दमात २७०० असा हिशोब होतो, माणूस घाबरतो आणि एकच गोळी घेतो. ताप उतरत नाही, मग सोबतीला भारतातून आणलेली पॅरासिटामॉलची गोळी घेतली जाते. तीच ती ‘दुसरं ताप-वेदनेचं औषध नको’ या मनाईत बसणारी.

खरं काय ते तक्त्याच्या माथ्यावर असतं: ‘९ गोळ्यांत, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या मात्रेत’. जपानी सर्दीच्या गोळ्यांत घटक बहुधा असे दिवसाच्या हिशोबाने देतात. म्हणजे ९०० ला ९ ने भागायचं. एका गोळीत १००, एका वेळेच्या ३ गोळ्यांत ३००. माथ्याची ती एक ओळ कापण्यात गेली की आकडा नऊपट होतो, आणि भाषांतरात एकही चूक नसते.

म्हणून तक्ता कधीही ओळीने कापू नये. माथा, डावा रकाना आणि हवी ती ओळ, तिन्ही एका तुकड्यात यायलाच हवीत. तक्ता फार उंच असेल तर मधल्या नको त्या ओळींसकट घ्या, थोडं अक्षर लहान झालं तरी चालेल. इथे धूसरपणा परवडतो, माथा जाणं परवडत नाही.

चौथी, तळटिपा. वनौषधींच्या, म्हणजे ‘कांपो’च्या पुड्यांवर 食間, उच्चार ‘शोक्कान’, घ्या असं लिहिलेलं असतं. अक्षरं पाहिली तर ‘जेवण’ आणि ‘मध्ये’. अ‍ॅप कधी ‘जेवताना’ म्हणून मोकळं होतं. अर्थ आहे दोन जेवणांच्या मधल्या वेळेत, पोट रिकामं असताना. काही पत्रकांत हे समजावणारी टीप तक्त्याखाली बारीक अक्षरात असते आणि तक्ता कापताना नेमकी तीच बाहेर राहते. तक्त्याच्या आत चांदणी किंवा ‘注’ अशी खूण दिसली तर तिची जोडी खाली शोधल्याशिवाय तुकडा बंद करू नका.

जाड ठसा, लाल रंग, चौकट यांचं मात्र काही करता येत नाही. भाषांतर नुसत्या ओळी देतं, सगळ्या एकाच आवाजात. कागदावर जे ओरडून सांगितलं आहे आणि जे जाताजाता सांगितलं आहे, ते पडद्यावर सारखंच दिसतं. मूळ फोटो शेजारी उघडा ठेवणं हाच उपाय.

कापायची रीत

आधी दोन्ही बाजूंचे अख्खे फोटो घ्या आणि ते पुसू नका. हा नकाशा. त्यावर वरची सात अक्षररूपं शोधा. मग छापील रेघ किंवा पांढरी पट्टी असेल तिथूनच कापा, अक्षरांच्या मधून नाही. रकान्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडा, पण शेजारच्या रकान्याचं अक्षर आत येऊ देऊ नका, नाहीतर पुन्हा खिचडी. सलग मजकूर दोन तुकड्यांत गेला तर पहिल्याच्या शेवटच्या दोन ओळी दुसऱ्याच्या सुरुवातीला पुन्हा घ्या. दोन्ही भाषांतरांत त्या ओळी सारख्या आल्या तर जोड नीट बसला.

चार तुकडे पुरतात: मनाई, विचारून घ्या, मात्रा, घटक. वीस तुकडे केले तर एक ना धड भाराभर चिंध्या.

मग तपासा. फोटोतले आकडे मोजा आणि तेवढेच भाषांतरात आहेत का पाहा. मुद्दे (1) पासून सुरू होतात की (3) पासून? मधूनच सुरू होत असतील तर वर काही सुटलं आहे. ‘मनाई’च्या तुकड्यात ‘ないでください’, उच्चार ‘...नाइदे कुदासाइ’, हे अक्षररूप कितीदा आलं ते डोळ्याने मोजा आणि भाषांतरात ‘नका’ किंवा ‘नये’ तितक्यांदा आहे का ते बघा. कमी असेल तर ज्या वाक्यात नकार हरवला ते एकटंच, पूर्ण ओळींसह, पुन्हा द्या. मराठी भाषांतर अडखळत असेल तर तोच तुकडा इंग्रजीतही काढा. दोन्हींत होकार-नकार जुळला नाही तर दोन्ही बाद. वयाच्या ओळीत 未満, उच्चार ‘मिमान’, असेल तर ते वय धरायचं नाही: ‘१५ मिमान’ म्हणजे चौदापर्यंत, पंधरा पूर्ण झालेला त्यात येत नाही.

कापून जमत नाही तेव्हा

कागद चुरगळलेला असेल, घडीवर शाई उडाली असेल, किंवा कुणीतरी पाठवलेला फोटोच मुळात धूसर असेल तर कापत बसण्यात अर्थ नाही. खोक्यावरचं औषधाचं नाव ठळक असतं, तेवढाच तुकडा वाचून घ्या. दुकानात मिळणाऱ्या औषधांची पत्रकं जपानच्या औषध व वैद्यकीय उपकरण संस्थेच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येतात. ती संस्था `PMDA` या नावाने सापडते. तिथला मजकूर निवडून तसाच भाषांतराला देता येतो, मग रकाने, पिक्सेल आणि चौकोनी अक्षरांचा प्रश्नच येत नाही. एकच काळजी घ्यायची. एकाच नावाची साधी, ‘गोल्ड’, ‘ए’, ‘ईएक्स’ अशी भावंडं असतात आणि घटक वेगळे असतात, म्हणून नावाची शेपटीसुद्धा अक्षरशः जुळवा. आणि पत्रकं सुधारून पुन्हा छापली जातात, तेव्हा घटकांचे आकडे आणि एका वेळच्या गोळ्या तुमच्या खोक्यावरच्या आकड्यांशी ताडून घ्या. जुळले नाहीत तर तुमच्या हातातलं खोकं खरं.

त्रास सुरू झाल्यावर औषधविक्रेत्याकडे किंवा डॉक्टरकडे जाताना फोनमधलं मराठी भाषांतर त्यांच्या काही कामाचं नाही. ‘घेतल्यावर ही लक्षणं दिसली तर’ या मुद्द्यातच लिहिलेलं असतं की हा कागद घेऊन या. कापून झाल्यावर मूळ पत्रक खोक्यात परत ठेवायचं ते यासाठी.